आठ वर्षे गेली कुठे?

कोल्हापूरच्या एका कारखान्यातले निवृत्त कारकून पेन्शनचा कागद तिसऱ्यांदा वाचत होते. रक्कम होती दरमहा 2,643 रुपये. ती कमी वाटली म्हणून त्यांनी वरचे रकाने पाहिले आणि एका आकड्यावर बोट थांबले. सेवा: 18 वर्षे. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरीपत्रके जुळवलेल्या या माणसाचा स्वतःच्या नोकरीचा हिशेब पाठ होता. सप्टेंबर 1996 ते ऑगस्ट 2004 पुण्याजवळच्या एका कंपनीत, आणि तिथून सुटल्यावर खंड न पडता ऑगस्ट 2022 पर्यंत कोल्हापुरात. म्हणजे 26 वर्षे. पुण्याची आठ वर्षे कागदावरून नाहीशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी पिशवीत कागद भरून ते पीएफ ऑफिसात गेले. खासगी नोकरी केलेल्यांची पेन्शन तिथूनच ठरते, कर्मचारी पेन्शन योजना 1995 प्रमाणे. खिडकीवरच्या तरुण कर्मचाऱ्याने त्यांचा यूएएन टाकून पडदा पाहिला आणि म्हणाला, “काका, इथं तुमची नोकरी 2004 पासूनच दिसतेय.”

“पण पुण्याचा पीएफ इकडं आला ना! माझ्याकडं स्लिप आहे.”

“पैसे आले असतील. सर्व्हिस आली नाही.”

हा फरक काकांना त्या दिवशी पहिल्यांदा कळला. पगारातून कापलेले पैसे आणि मालकाच्या वाट्याचा काही भाग भविष्य निर्वाह निधीत जमतो. नोकरी बदलली की ती रक्कम नव्या खात्यात येते, आणि आली की नाही हे वार्षिक स्लिपवर दिसते. पेन्शनचे तसे नाही. मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के सरळ पेन्शन निधीत जातात. तो निधी सगळ्यांचा मिळून एक असतो, त्यामुळे नोकरी बदलल्यावर त्यातला एक रुपयाही इकडून तिकडे हलत नाही. हलायला हवी ती फक्त माहिती: माणूस कधी लागला, कधी सुटला, मध्ये बिनपगारी दिवस किती. जुने कार्यालय ही माहिती ज्या कागदावर पाठवते त्याला पीएफ ऑफिसात ‘अनेक्शर के’ म्हणतात.

काकांनी 2005 साली बदलीचा फॉर्म 13 भरला होता. त्या वर्षीच्या स्लिपवर पुण्याहून आलेली रक्कम दिसली आणि काम झाले असे समजून त्यांनी फाइल बंद केली. पैसे पोचले, पण सेवेचा तपशील नव्या खात्यावर चढलाच नाही. पुढे 2014 मध्ये यूएएन आला तेव्हा तो चालू असलेल्या खात्याला मिळाला. पुण्याचे खाते दहा वर्षांपूर्वीच बंद झाले होते, म्हणून ते या नव्या क्रमांकाला जोडले गेले नाही. संगणकाच्या लेखी काकांची नोकरी सुरू झाली तीच मुळी चाळिशीत.

आठ वर्षांनी एवढे काय बिघडते, हे आकड्यांतच पाहावे. पेन्शनचे सूत्र सोपे आहे: पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले 70. पगार मात्र मर्यादेपर्यंतच धरतात. 1 सप्टेंबर 2014 पूर्वीच्या सेवेसाठी ही मर्यादा 6,500 रुपये आहे, नंतरच्या सेवेसाठी 15,000. काकांच्या कोल्हापूरच्या पहिल्या दहा वर्षांचे 929 रुपये झाले आणि शेवटच्या आठ वर्षांचे 1,714. बेरीज 2,643. ऑफिसची बेरीज चुकली नव्हती. तिच्यात पुण्याची वर्षे नव्हती.

ती आठ वर्षे धरली की 6,500 च्या हिशेबाने आणखी 743 रुपये वाढतात. शिवाय सेवा 20 वर्षे भरली तर योजनेच्या नियमाप्रमाणे दोन वर्षे जास्तीची मिळतात. काका 18 वर अडकले होते, म्हणून तीही गेली. ती दोन वर्षे जुन्या, कमी मर्यादेने मोजली तरी 186 रुपये होतात. म्हणजे दरमहा निदान 929 रुपयांचा फटका, आणि तो जन्मभर. पतीच्या पश्चात पत्नीला मिळणारे पेन्शनही याच आकड्यावरून ठरते.

पेन्शन विभागातल्या बाईंनी कागद पाहण्याआधी एकच प्रश्न विचारला: “पुण्याची नोकरी सोडल्यावर टेन-सी भरला होता का?”

प्रश्न नेमका होता. दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेला माणूस फॉर्म 10-सी भरून पेन्शनचे पैसे एकरकमी काढून घेऊ शकतो. तसे केले की ती वर्षे संपली, ती पुन्हा मोजत नाहीत. काकांची सेवा आठच वर्षांची, म्हणजे ही वाट त्यांना मोकळी होती. ती घेतली नाही, हे सिद्ध झाल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नव्हती. काकांनी फॉर्म 13 ची झेरॉक्स पुढे केली. पीएफ काढला नव्हता, बदलून आणला होता. आता पुण्याच्या कार्यालयाने जुन्या नोंदी पाहून दुजोरा द्यायला हवा होता.

अडचण आणखी एक होती. पुण्याची कंपनी बंद पडली होती, त्यामुळे मालकाची सही मिळणे शक्य नव्हते. अशा वेळी पीएफ ऑफिसचेच जुने दप्तर कामी येते. मालक दर वर्षी प्रत्येक कामगाराचा फॉर्म 3-ए भरून देत असे. त्यात महिन्यागणिक पगार आणि वर्गणी लिहिलेली असते. तो शोधायला कंपनीचा कोड आणि कामगाराचा खाते क्रमांक लागतो. तो क्रमांक काकांच्या जुन्या पीएफ स्लिपांवर होता. आठपैकी सहा वर्षांच्या स्लिपा त्यांच्या पत्नीने ट्रंकेत, रेशनकार्डाच्या खाली जपून ठेवल्या होत्या. सोबत नेमणुकीचे पत्र आणि नोकरीतून मुक्त केल्याचा दाखलाही निघाला.

बाईंच्या सांगण्यावरून काकांनी एका पानाचा अर्ज लिहिला. दोन्ही खाते क्रमांक, दोन्ही नोकऱ्यांच्या तारखा, पेन्शन आदेशाचा म्हणजे पीपीओचा क्रमांक, आणि मागणी एकच: पुण्याहून अनेक्शर के मागवून पेन्शन सुधारावे. अर्जाच्या प्रतीवर त्यांनी आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. दोन महिने उत्तर आले नाही तेव्हा त्याच क्रमांकाचा हवाला देऊन त्यांनी संघटनेच्या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेत नोंद केली, आणि दर महिन्याच्या 27 तारखेला भरणाऱ्या ‘निधी आपके निकट’ शिबिरात अधिकाऱ्यांपुढे कागद ठेवले. तिथून पुण्याला स्मरणपत्र गेले.

अनेक्शर के आला तो सातव्या महिन्यात. त्यात 1996 ते 2004 ची सेवा होती आणि पेन्शनची रक्कम काढल्याची नोंद नव्हती. सुधारित आदेशात सेवा 26 वर्षे लागली, वर दोन वर्षे जास्तीची मिळाली, आणि पेन्शन साडेतीन हजारांच्या वर गेले. मागची थकबाकीही एकरकमी जमा झाली.

नोकरी बदललेल्या प्रत्येकाने पेन्शनचा फॉर्म 10-डी भरण्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपला सेवा इतिहास उघडून पाहावा. पहिल्या नोकरीची तारीख तिथे नसेल तर जुन्या कार्यालयाकडे अनेक्शर के मागावा, आणि तो येईपर्यंत जुनी एकही स्लिप रद्दीत टाकू नये.