गुगलवरचा दर आणि काउंटरवरचा दर
(लेखमाला : परकीय चलनाचा व्यवहार)

मागच्या आठवड्यात बँका आपापसांत डॉलरची खरेदी-विक्री कशी करतात ते पाहिले. त्यावर अनेक वाचकांनी एकच प्रश्न विचारला : मोबाइलवर डॉलर ८५ रुपये दिसतो, मग मनी चेंजर ८७.५० का मागतो? (आकडे आज फक्त उदाहरणासाठी घेतले आहेत.)

आधी मोबाइलवरचा आकडा कुठून येतो ते समजून घेऊ. बँकांच्या बाजारात एखादी बँक ८४.९९ ला डॉलर घ्यायला तयार असते आणि दुसरी ८५.०१ ला विकायला. या दोहोंचा मध्य, म्हणजे ८५, हा मध्यदर. या दराने कुणी विकत नाही आणि कुणी घेत नाही. तो निव्वळ सरासरीचा आकडा आहे. शिवाय तिथले सौदे साधारण दहा लाख डॉलरच्या पटीत होतात. एवढ्या मोठ्या सौद्यात दोन पैशांचा फरकही बँकेला पुरतो. आपण मात्र हजार डॉलर घ्यायला जातो.

हजार डॉलर नोटांमध्ये हवे असतील तर खर्च आणखी वाढतो. नोटा म्हणजे प्रत्यक्ष माल. तो कुठून तरी आणावा लागतो, त्याचा विमा उतरवावा लागतो, तो तिजोरीत ठेवावा लागतो, खोट्या नोटांची जोखीम घ्यावी लागते. तिजोरीत पडून असलेल्या नोटांवर व्याजही मिळत नाही. कळंगुट किंवा पणजीतल्या मनी चेंजरकडे डॉलर-पौंड पर्यटकांकडून आपसूक येतात, पण क्वचित मागणी असलेले चलन त्याला मुद्दाम मागवावे लागते, आणि ते महिनोन्‌महिने पडून राहू शकते. म्हणूनच बँकेच्या दरपत्रकावर एकाच डॉलरचे अनेक दर असतात. खात्यातून परदेशी खात्यात पैसे पाठवण्याचा टीटी विक्रीदर सहसा नोटांच्या दरापेक्षा बराच स्वस्त असतो, कारण तिथे कागद हलतच नाही.

तिसरे कारण वेळेचे. बरीच दरपत्रके सकाळी लागतात आणि छोट्या ग्राहकांसाठी दिवसभर तीच चालतात. दुपारी डॉलर चढला तर तोटा दुकानदाराचा, म्हणून तो आधीच थोडी उशी ठेवतो. शनिवार-रविवारी बाजार बंद असतो, मोबाइलवर शुक्रवारचाच आकडा दिसत राहतो, आणि सोमवारी काय उघडेल हे कुणालाच ठाऊक नसते. त्या दोन दिवसांत ही उशी जाड होते.

आता हिशेब मांडू. दुकानाच्या फलकावर डॉलरच्या नोटांसाठी लिहिले आहे : खरेदी ८२.८०, विक्री ८७.५०. हे शब्द दुकानदाराच्या बाजूने असतात, म्हणजे आपण घेणार ते ८७.५० ने. हजार डॉलरचे ८७,५०० रुपये झाले. मध्यदराने हीच रक्कम ८५,००० होते, म्हणजे दुकानाने २,५०० रुपये, जवळजवळ तीन टक्के, दरातच घेतले. त्यावर जीएसटी वेगळा. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा एक टक्का (किमान २५० रुपये) सेवेचे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो. इथे ८७५ रुपयांवर १५७.५० रुपये. सहलीहून परतताना दोनशे डॉलर उरले आणि तिथेच परत विकले, तर जीएसटी कापण्याआधी १६,५६० रुपये होतात. त्याच दोनशे डॉलरना जाताना १७,५०० मोजले होते.

या दुकानावरच्या ‘कमिशन नाही’ या पाटीचा अर्थ इथे नीट कळतो. शेजारचा दुकानदार ५०० रुपये कमिशन घेतो, पण त्याचा दर ८६.९० आहे. जीएसटी सोडून त्याच्याकडे हजार डॉलर ८७,४०० ला पडतात, म्हणजे शून्य कमिशनवाल्यापेक्षा शंभर रुपये स्वस्त. कमिशन दिसते, दरातले मार्जिन दिसत नाही. माझ्या मते ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते, आणि तीही कुणी काही बेकायदा न करता.

मध्यदर ठाऊक नसला तरी अंदाज बांधता येतो. दोन्ही दर विचारा, बेरीज करून निम्मी करा. वरच्या फलकावर ती ८५.१५ येते, म्हणजे दुकानदार दोन्हीकडे सुमारे २.३५ रुपये ठेवतो. ही पद्धत अगदी काटेकोर नाही, कारण एखाद्या चलनाचा साठा जास्त झाला की दुकानदार ते विकायला दर उतरवतो आणि मध्य सरकतो. तरी विमानतळावरच्या फलकावर हा हिशेब एकदा करून पाहा. तिथल्या गाळ्याचे भाडे आणि तुमची घाई, दोन्ही त्या फरकात असतात.

मध्यदराने कुणी डॉलर देईल अशी अपेक्षा ठेवू नका. मात्र पैसे देण्याआधी एवढेच विचारा : ‘सगळे धरून हजार डॉलरला माझ्या खिशातून एकूण किती जाणार?’ हाच प्रश्न निदान तीन ठिकाणी विचारा, आणि शक्यतो बाजार चालू असलेल्या दिवशी.