‘टॅली येते’ म्हणजे नेमके काय येते?

सीएच्या कार्यालयातील अकाउंट्स ट्रेनीची जाहिरात बहुधा दोन ओळींत आटोपलेली असते: बी.कॉम., टॅली व टॅक्स सॉफ्टवेअरची माहिती, बुककीपिंग आवश्यक. तिला उत्तर म्हणून आलेल्या बायोडेटांत ‘टॅली, एमएस ऑफिस, जीएसटी’ एवढे शब्द असतात आणि उमेदवाराला त्यातले काय करता येते, हे कळतच नाही. बायोडेटा जाहिरातीशी जुळवायचा म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक शब्दामागचे काम ओळखून, त्यापैकी आपण केलेले काम लिहायचे.

किराणा मालाच्या घाऊक दुकानात सहा महिने बिले चढवलेला एखादा पदवीधर घेऊ. त्याने ‘दुकानात हिशेबाचे काम केले’ असे लिहिले, तर ते वाया जाते. त्याऐवजी त्याने लिहावे: ‘टॅलीप्राइममध्ये खरेदी-विक्रीच्या बिलांची नोंद; खरेदीची जीएसटीआर-२बीशी पडताळणी; दरमहा बँक रिकन्सिलिएशन.’ यातले मधले काम सर्वांत मोलाचे. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले नसेल, तर त्याचे बिल २बीमध्ये दिसत नाही आणि त्यावरचे इनपुट क्रेडिट दुकानदाराला घेता येत नाही. अशी राहिलेली बिले शोधून काढणारा माणूस कार्यालयाला हवाच असतो.

टॅक्स सॉफ्टवेअरचे तसे नाही. विनमन, कॉम्प्युटॅक्स यांसारखी सॉफ्टवेअर मुख्यतः करसल्लागारांच्या कार्यालयात वापरली जातात. कॉलेजात ती क्वचितच हाताखाली येतात. ती येतात असे लिहिणे धोक्याचे. घरातल्या कोणाचे आयटीआर-१ आयकर पोर्टलवर भरले असेल, फॉर्म २६एएसशी टीडीएस ताडून पाहिला असेल, तर तेच लिहावे. सॉफ्टवेअर बदलले तरी आकडे कुठून येतात ते बदलत नाही, आणि हे मुलाखत घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

बायोडेटातील ओळ खरी की उसनी, हे मुलाखतीत एका छोट्या उदाहरणावरून कळते. पुस्तकात बँकेची शिल्लक ४८,२०० रुपये आहे. दिलेला ६,५०० रुपयांचा धनादेश अजून वटलेला नाही आणि बँकेने कापलेले २३६ रुपये पुस्तकात आलेले नाहीत. मग बँकेच्या खातेउताऱ्यावर किती शिल्लक दिसेल? न वटलेला धनादेश मिळवायचा, शुल्क वजा करायचे, उत्तर ५४,४६४. त्या २३६ मध्ये २०० रुपये शुल्क आणि ३६ रुपये जीएसटी आहे, हे ज्याला आपसूक दिसते त्याने काम केलेले असते. नुसते ‘रिकन्सिलिएशन’ लिहिणारा बहुधा धनादेशाची रक्कम वजा करतो.

म्हणून बायोडेटात तेवढेच लिहावे, जेवढे समोर कागद ठेवल्यावर करून दाखवता येईल.