फोन खिशात गेला की गाणं का तुटतं?

ब्लूटूथ हेडफोनची सगळ्यात चीड आणणारी खोड म्हणजे तो धड बंदही पडत नाही. फोनच्या पडद्यावर `Connected` असं ठळक लिहिलेलं असतं, बॅटरी भरपूर असते आणि कानात मात्र गाण्याचे तुकडे पडत असतात. तान मध्येच गायब होते आणि दोन मात्रांनंतर उगवते. फोन खिशातून काढून हातात धरला की सगळं सुरळीत, परत खिशात टाकला की दहा पावलांत पुन्हा तेच. हेडफोन दुकानात न्यावा, तर तिथे काउंटरवर ठेवलेल्या फोनशी जोडून तो अर्धा तास न अडखळता वाजतो आणि दुकानदार गिऱ्हाईकाकडेच संशयाने बघू लागतो.

या घोळात दोघंही खोटं बोलत नसतात. जोडणी टिकणं आणि गाणं पोचणं या दोन गोष्टींचा हिशेब ब्लूटूथमध्ये वेगवेगळा ठेवला जातो. जोडणी तुटली असं जाहीर करण्याआधी उपकरणं बराच काळ वाट पाहतात. ब्लूटूथच्या मानकात या वाट पाहण्याची मूळ मुदत २० सेकंदांची आहे. फोन बनवणारे ती कमी करतात, तरी काही सेकंद उरतातच. गाण्याला इतका धीर नसतो. फोन गाण्याचे बारीक तुकडे करून पाठवतो, प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच हेडफोनकडून घेतो आणि पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. ही धावपळ कानाला कळू नये म्हणून हेडफोन थोडा साठा करून ठेवतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं काम तेच असतं: महापालिकेचं पाणी थांबून थांबून आलं तरी घरातला नळ वाहता राहतो. फक्त ही टाकी फार लहान असते. तिच्यात साधारण एक-दोन दशांश सेकंदाचं गाणं मावतं. तेवढ्या वेळात नवा तुकडा आला नाही की टाकी कोरडी पडते आणि आवाज तुटतो, पण जोडणीच्या दृष्टीने अजून काहीच बिघडलेलं नसतं.

फोनमधल्या किंवा हेडफोनमधल्या ‘गेमिंग मोड’ने हा त्रास वाढतो तो याचमुळे. पडद्यावर गोळी सुटली आणि आवाज मागून आला असं होऊ नये म्हणून त्या मोडमध्ये साठा मुद्दाम कमी केलेला असतो. खेळ संपला तरी मोड चालूच राहतो, आणि दुसऱ्या दिवशी फिरायला निघालेल्या माणसाचं भजन अडखळतं.

आता खिसा. त्याचा दोष कापडाकडे जात नाही; कापडातून ब्लूटूथच्या लहरी सहज आरपार जातात. अडवतं ते शरीर. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतं आणि तिथल्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर असते. माणसाचे स्नायू म्हणजे मुख्यतः खारट पाणी, आणि असं पाणी या लहरी चांगल्याच शोषून घेतं. स्नायूत दोन-अडीच सेंटीमीटर शिरेपर्यंतच लहर बरीचशी मावळलेली असते. पॅन्टच्या मागच्या खिशापासून कानापर्यंतच्या सरळ रेषेत कंबर, पाठ आणि खांदा आडवे येतात. त्या रेषेने कानापर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाही.

तरीही घरात गाणं छान वाजतं, कारण तिथे लहरींना आडवाटा मिळतात. त्या भिंतीवर, छतावर, लोखंडी कपाटावर आपटून परततात आणि शरीराला वळसा घालून हेडफोनपर्यंत येतात. दुकानातही तेच होतं. त्यामुळे सगळ्यांच्या अंदाजाच्या उलट गोष्ट घडते: चार भिंतींच्या आत ब्लूटूथ टिकतं आणि मोकळ्या मैदानात, जिथे अडथळा म्हणून काही नाही, तिथे तुटतं. अडथळा नाही म्हणजे परावर्तनही नाही. मग शरीराला चिकटून वळत जाणारी किंवा जमिनीवरून उसळलेली क्षीण लहर तेवढी हाताशी उरते.

दादरच्या शिवाजी पार्कात सकाळी फिरणाऱ्या कुणाचंही उदाहरण घेता येईल. समजा, डोक्यावरून घालायचा हेडफोन आहे, त्याचा रेडिओ उजव्या कपात आहे आणि फोन पॅन्टच्या डाव्या मागच्या खिशात. कट्ट्याच्या बाहेरून, उभ्या गाड्यांच्या शेजारून चालताना गाणं बहुतेक वेळ नीट वाजतं. कट्टा ओलांडून मैदानाच्या मधोमध तिरपं चालू लागलं की तुकडे पडायला लागतात. नीट लक्ष दिलं तर त्यालाही ताल सापडतो: डावा पाय मागे-पुढे होताना फोनची दिशा बदलते आणि दर पावलाला एक बारीक खंड पडतो. मागून कुणी हाक मारली म्हणून मान वळवली, की कधी गाणं पूर्ण गायब होतं, कधी उलट एकदम स्वच्छ होतं.

याचा हिशेब फार अवघड नाही. मोकळ्या जागेत अंतर दसपट झालं की पोचणारी ताकद शंभरावा भाग उरते. शरीर मधे आलं तरी ताकद शंभरावा भाग किंवा त्याहूनही कमी होऊ शकते. म्हणजे कानापासून हातभर अंतरावर, पण पाठीआड असलेला फोन हेडफोनच्या लेखी कितीतरी मीटर दूर गेलेला असतो. डब्यावर छापलेली १० मीटरची रेंज समोरासमोरच्या, आड काही नसलेल्या जोडीसाठी असते. फोन मागच्या खिशात टाकणाऱ्याने ती जागच्या जागीच खर्च केलेली असते. त्यात मुळातली ताकदही तुटपुंजी. अशा उपकरणांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्गात प्रक्षेपण जास्तीत जास्त २.५ मिलिवॉट असतं, आणि खिशात मांडीला चिकटलेल्या अँटेनाची त्यातली काही ताकद मांडीच खाऊन टाकते.

म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय खिसा बदलण्याचा. हेडफोनचा रेडिओ कोणत्या कानाकडे आहे हे कंपन्या क्वचितच सांगतात, पण ते शोधता येतं. मोकळ्या जागेत फोन आधी एका बाजूच्या पुढच्या खिशात आणि मग दुसऱ्या बाजूच्या पुढच्या खिशात ठेवून तोच रस्ता चालायचा. ज्या बाजूला तुकडे कमी, तिकडे रेडिओ. शर्टाचा खिसा त्याहून बरा. तिथून कानापर्यंत मधे फक्त हनुवटी आणि मान येते. सुट्या इअरबडमध्ये आणखी एक गंमत असते. जुन्या पद्धतीच्या जोडीत फोन एकाच बडशी बोलतो आणि तो बड दुसऱ्याला गाणं पुढे पाठवतो. त्या दोघांमध्ये डोकं येतं आणि डोकंही पाण्याचंच, त्यामुळे कधी एकाच कानातला आवाज तुटतो. नव्या बऱ्याच जोड्यांमध्ये दोन्ही बड फोनचं थेट ऐकतात किंवा मुख्य बडची भूमिका आपसांत बदलतात.

आता तोच माणूस फोन शर्टाच्या खिशात घालून दादर स्टेशनच्या पुलावर चढला आणि गाणं परत तुटायला लागलं, तर ते दुखणं निराळं. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ पासून परवानामुक्त आहे. वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माऊस सगळे तिथेच नांदतात. ब्लूटूथ या गर्दीतून वाट काढतं ते उड्या मारून. पट्ट्याचे एकेक मेगाहर्ट्झचे ७९ कप्पे केलेले असतात आणि फोन व हेडफोन ठरलेल्या क्रमाने सेकंदाला १६०० वेळांपर्यंत कप्पा बदलत राहतात. २००३ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून ज्या कप्प्यांत सारखी आदळआपट होते ते टाळण्याची सोयही आहे. पण वायफायचा एक चॅनेल असे वीसेक कप्पे व्यापतो. तीन-चार वायफाय जोरात चालू असतील आणि शेकडो कानांत इअरबड असतील, तर टाळून टाळून जायचं कुठे? तुकडे पुन्हा पुन्हा पाठवावे लागतात आणि टाकी रिकामी होते.

हे दोन त्रास ओळखण्याची खूण सोपी आहे. फोन हातात, छातीसमोर धरताच गाणं पूर्ण सुधारलं तर कारण शरीर. हातात धरूनही ठरावीक ठिकाणी तुटतच राहिलं तर गर्दी. अर्थात कमकुवत लहरीला गर्दी जास्त बाधते, त्यामुळे दोन्ही कारणं एकत्रही येतात. त्याआधी एक शंका मात्र दूर करायला हवी: गाणं इंटरनेटवरून येत असेल तर मोबाइलचं नेटवर्क गेल्यानेही ते थांबतं. म्हणून चाचणी नेहमी डाउनलोड केलेल्या गाण्यावर घ्यावी.

गर्दी कधी फोनच्या पोटातही असते. बहुतेक फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात, पुष्कळदा एकच अँटेना वाटून घेतात. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोठी फाइल उतरवत असेल तर ब्लूटूथला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं. घरी हा त्रास होत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला फोन जोडला की तो बहुधा मिटतो.

अँड्रॉइडवर एलडॅक वापरणाऱ्या चोखंदळ श्रोत्यांनी एक सेटिंग बघावं. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत माहिती पाठवतो. नेहमीचा एसबीसी चांगल्या दर्जालाही ३२८च्या आसपास राहतो. तिप्पट माल त्याच अरुंद वाटेने न्यायचा म्हणजे हरवलेला तुकडा परत पाठवायला उसंत कमी. `Developer options` मध्ये एलडॅकच्या दर्जाखाली `Best Effort (Adaptive Bit Rate)` निवडलं की वाट खराब होताच फोन दर्जा खाली आणतो. चालताना, रहदारीच्या आवाजात, तो फरक कानाला जाणवणं कठीणच.

डब्यावरच्या ‘ब्लूटूथ ५’वर मात्र भिस्त ठेवू नये. चौपट रेंजचा जो गाजावाजा २०१६ मध्ये त्या आवृत्तीबरोबर झाला, तो ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या शाखेतल्या एका संथ प्रक्षेपणाचा आहे, दूरच्या सेन्सरसारख्या उपकरणांच्या सोयीचा. बहुतेक हेडफोनवर गाणी अजून जुन्याच शाखेवरून येतात आणि त्यांना त्या चौपटीतलं काही मिळत नाही.

हेडफोन खरोखर सदोष असेल तर तो टेबलावरच पकडता येतो. फोन एअरप्लेन मोडवर टाकून फक्त ब्लूटूथ चालू करावं, फोन मीटरभर अंतरावर समोर ठेवावा आणि उतरवून घेतलेलं गाणं दहा मिनिटं ऐकावं. मग हेच दुसऱ्या फोनवर. दोन्ही फोनवर गाणं तुटलं तर दोष हेडफोनचा, आणि एकाच फोनवर तुटलं तर त्या फोनचा. हीच चाचणी दुकानाच्या काउंटरवर करून दाखवली की वॉरंटीचं बोलणंही लवकर सुरू होतं.