बटणं का विरघळतात?

दिवाळी अंकातल्या एखाद्या कथेसाठी संगणकाकडून चित्र करून घेतलं आहे, असं समजा. चित्रात एसटीचा कंडक्टर उभा आहे, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत. चेहरा उत्तम जमला आहे, खाकी कापडावरच्या सुरकुत्याही खऱ्या वाटतात. पण जवळ जाऊन पाहिलं की शर्टाची बटणं म्हणजे नुसते तपकिरी ठिपके असतात. एक काजाच्या बाहेर सरकलेलं आहे, एक बटणपट्टीत विरघळून गेलं आहे. खिशावरची टीप मध्येच तुटते आणि खांद्यावरच्या बॅगेच्या चेनला दातांऐवजी राखाडी पट्टा दिसतो. चेहरा जमला मग बटण का नाही, याचं उत्तर हे यंत्र चित्र कसं साठवतं त्यात आहे.

स्टेबल डिफ्यूजन हे मॉडेल ऑगस्ट 2022 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. ते आणि त्याच्या घराण्यातली बहुतेक मॉडेलं थेट पिक्सेलांवर काम करत नाहीत. आधी चित्राचं एक आकसलेलं रूप तयार होतं. त्यात आडव्या आठ आणि उभ्या आठ पिक्सेलांचा चौकोन मिळून एकच घर बनतं. रंगांच्या 192 आकड्यांच्या जागी तिथे फक्त 4 आकडे उरतात (नव्या काही मॉडेलांत 16). सगळी निर्मिती या घरांमध्ये होते आणि शेवटी ती पुन्हा पिक्सेलांत उलगडली जाते. रांगोळीत मोजकेच ठिपके असतील तर त्यांत नाजूक नक्षी बसत नाही, तसंच इथे घडतं. आपलं चित्र 832 बाय 1216 पिक्सेलांचं असेल आणि बटण 12 पिक्सेल रुंद असेल, तर त्याच्या वाट्याला आडवं दीड घर येतं. दीड घरात बटणाची कड, चार भोकं आणि त्यातून गेलेला दोरा मावणार कसा? चेहऱ्याला मात्र वीस-पंचवीस घरं मिळालेली असतात.

यावरचा उपाय म्हणजे बटणाभोवतीचा छोटा भागच कापून घ्यायचा, तो मोठा करायचा, त्या मोठ्या आकारात पुन्हा रंगवून घ्यायचा आणि लहान करून जागेवर चिकटवायचा. AUTOMATIC1111 या प्रचलित साधनात `Inpaint` विभागात `Inpaint area` असा पर्याय असतो. तिथे `Whole picture` ऐवजी `Only masked` निवडलं की हे कापणं-चिकटवणं साधन स्वतः करतं. आपण ब्रशने फक्त मास्क रंगवायचा, म्हणजे बदलायचा भाग झाकून दाखवायचा.

पण त्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळली तर पुढची मेहनत वाया जाते. रंगवलेला तुकडा शेवटी मूळ चित्राच्याच मापात परत जातो. मूळ चित्रात बटणाला 12 पिक्सेल असतील, तर कितीही सुंदर बटण रंगवलं तरी ते 12 पिक्सेलांतच कोंबलं जाईल. म्हणून आधी साध्या अपस्केलरने सगळं चित्र दुप्पट करायचं: 1664 बाय 2432. या टप्प्यावर बटण अजून धूसरच असतं, पण त्याला आता 24 पिक्सेलांची जागा मिळालेली असते. तेवढ्यात चार भोकं ओळखू येतात.

आता मास्क. आपण बटणपट्टीवरची दोनच बटणं झाकली आणि झाकलेला भाग 100 बाय 230 पिक्सेलांचा झाला, असं धरू. साधन त्याच्या चारही बाजूंना थोडं आजूबाजूचं कापड जोडतं. `Only masked padding` हा आकडा सहसा 32 असतो, म्हणजे तुकडा 164 बाय 294 होतो. कामाचा आकार आपण 1024 बाय 1024 ठेवला असेल, तर साधन तो तुकडा चौकोनी करण्यासाठी 294 बाय 294 पर्यंत रुंदावतं आणि मग जवळपास साडेतीन पट मोठा करतं. आपलं 24 पिक्सेलांचं बटण रंगवताना सुमारे 84 पिक्सेलांचं होतं. दीड घराच्या जागी दहा घरं मिळतात, आणि दहा घरांत कड, भोकं, दोरा, खाली पडलेली बारीक सावली सगळं बसतं.

हाच हिशेब उलटाही फिरतो. अख्खी बटणपट्टी, म्हणजे 700 पिक्सेल लांबीचा पट्टा एकदम झाकला, तर तुकडा जेमतेम सव्वा-दीड पट मोठा होतो आणि बटणाला चारच घरं मिळतात. म्हणून दोन-दोन बटणं घेऊन पुढे सरकावं. मास्कचा एखादा चुकार ठिपका दूर कोपऱ्यात राहून गेला तरी हेच होतं. साधन सर्व रंगवलेल्या जागांना कवेत घेणारा चौकोन काढतं, त्यामुळे तो ठिपका जवळजवळ पूर्ण चित्र आत ओढतो. काम चालू असताना दिसणाऱ्या झलकेत बटणांऐवजी अख्खा कंडक्टर दिसला, तर ठिपका शोधून पुसावा.

वर्णनही त्या तुकड्यापुरतंच लिहायचं. मूळ वर्णनातलं कंडक्टर, बस, गर्दी हे सगळं तसंच ठेवलं तर यंत्राला त्या चौकोनातही माणूस हवा असतो, आणि कापडावर इवलासा चेहरा उगवू शकतो. एवढं पुरे:

```
close-up of khaki cotton shirt placket, brown four-hole buttons, neat topstitching
```

किती बदल करायचा हे `Denoising strength` ठरवतं. तिथे 0.75 हा नेहमीचा आकडा या कामाला जास्त आहे; त्यात बटणं जागा बदलतात, दोनाची तीन होतात. 0.4 च्या आसपास ठेवलं तर जागा आणि रंग टिकतात आणि बारकावे भरले जातात. बटण ठिपक्यासारखंच राहिलं तर थोडं वाढवावं. मूळ बटण पार विरघळलेलं असेल, तर आधी एखाद्या चित्रकलेच्या साधनात साधं वर्तुळ आणि चार ठिपके काढून द्यावेत, मग यंत्राला धरायला काहीतरी मिळतं. जोडलेलं कापड फार कमी ठेवलं, तर यंत्राला हे शर्टाचं बटण आहे हेच कळत नाही, आणि त्याचं नाणं होऊ शकतं.

चेन सगळ्यात हट्टी. बटण एकटं असतं, दात मात्र ओळीने आणि अगदी सारखे हवेत. शिवाय एक दात आणि त्यालगतची फट यांना शेवटच्या चित्रात मिळून निदान दोन पिक्सेल तरी मिळायला हवेत. तेवढे नसतील तर तुकड्यात स्वच्छ रंगवलेले दात परत लहान होताना पुसट होतात किंवा त्यांवर लाटांसारखे पट्टे उमटतात. अशा वेळी चित्र आणखी मोठं करावं, नाहीतर दातांचा नाद सोडून रनर आणि त्याची पट्टी तेवढी ठसठशीत करावी. माझ्या मते दुसरा मार्ग बहुतेकदा बरा, कारण पाहणाऱ्याची नजर रनरवरच जाते.

काम झाल्यावर चित्र एकदा पूर्ण मोठं करून आणि एकदा छापायच्या आकारात, असं दोनदा पाहावं. मोठं करून पाहताना तुकड्याची कड शोधावी: कापडाची वीण एकाएकी बदलते का, खाकीची छटा किंचित सरकली आहे का. कड दिसली तर `Mask blur` 4 वरून 8 करावा. छापायच्या आकारात बटणांची आपापसात तुलना करावी. वेगवेगळ्या वेळी केलेली बटणं एकमेकांशी जुळत नाहीत, ही या पद्धतीतली मोठी अडचण आहे; एक चकचकीत, दुसरं मॅट. अशा वेळी सर्वांत चांगलं जमलेलं बटण उचलून बाकीच्या जागी चिकटवावं आणि 0.25 सारख्या हलक्या आकड्यावर कापडात मिसळून घ्यावं. शर्ट पाठीमागे धूसर असेल, तर तिथे बटण कोरून काढू नये. धूसर कापडावरचं धारदार बटण ठिपक्यापेक्षाही जास्त खटकतं.

एका ठिकाणी मात्र ही पद्धत वापरूच नये: विकायच्या खऱ्या कपड्याच्या फोटोवर. यंत्र हरवलेला बारकावा परत आणत नाही, शोभेलसा नवा बारकावा रचतं. चार भोकांचं बटण दोन भोकांचं होतं, धातूच्या बटणावरचं नाव वेडंवाकडं उमटतं, दुहेरी टीप एकेरी होते. गिऱ्हाईक त्या फोटोवर विसंबून पैसे देतं. तिथे कॅमेरा जवळ नेऊन बटणाचा वेगळा फोटो काढावा.