पंच्याहत्तर रुपयांचा हिशेब

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवरील एका कापड दुकानात १,२६० रुपयांचे बिल झाले, असे समजू. ग्राहकाच्या मोबाइलवर वॉलेटची योजना आहे : ‘४९९ रुपयांवरील खरेदीवर १० टक्के कॅशबॅक, कमाल ७५ रुपये, महिन्यातून एकदा.’ ग्राहक मनाशी १२६ रुपये धरतो आणि हाती ७५ येतात. यात फसवणूक नाही. दहा टक्के आणि कमाल मर्यादा यांतील लहान आकडाच देय ठरतो. या बिलावर प्रत्यक्ष लाभ सुमारे सहा टक्क्यांचा झाला. पुरे दहा टक्के केवळ ७५० रुपयांपर्यंतच्या बिलावर मिळतात.

पैसे पोहोचताच वॉलेटची यंत्रणा अटी तपासते : बिल किमान रकमेचे आहे का, या महिन्यात लाभ आधी घेतला आहे का आणि रक्कम कोठून गेली. ग्राहक येथेच चुकतात. योजना वॉलेटमधील शिलकीसाठी असेल आणि त्याच अ‍ॅपमधून पैसे यूपीआयद्वारे थेट बँक खात्यातून गेले असतील, तर कॅशबॅक मिळत नाही. व्यवहाराच्या तपशिलात ‘वॉलेट’ की बँकेचे नाव, हे पाहिले की उलगडा होतो.

अटी जुळल्या तरी रक्कम पुष्कळदा काही दिवस ‘प्रलंबित’ दिसते, कारण माल परत येऊ शकतो. वरील ग्राहकाने ६०० रुपयांचे कापड परत केले, तर खरेदी ६६० रुपयांची उरते. नियम उरलेल्या रकमेवर लाभ देण्याचा असेल, तर ६६ रुपये जमा होतात. काही योजनांत मात्र परतावा होताच सारा लाभ रद्द होतो.

गुणांचे गणित निराळे आहे. दर पूर्ण शंभर रुपयांस एक गुण असेल, तर १,२६० रुपयांवर बारा गुण मिळतात. वरचे साठ रुपये सुटतात. एका गुणाचे मोल पंचवीस पैसे असल्यास हा लाभ तीन रुपयांचा. गुणांना बहुधा मुदत असते, आणि ते सहसा बँक खात्यात वळवता येत नाहीत.

दुकानदाराच्या वहीत मात्र विक्री १,२६० रुपयांचीच राहते. वॉलेट कंपनीने ग्राहकास स्वतःच्या पदरचे पंच्याहत्तर रुपये दिले, म्हणून मालाची किंमत उतरत नाही; जीएसटीही पूर्ण किमतीवरच लागतो. दुकानदाराने स्वतः बिलातच सूट दाखवली, तर करपात्र मूल्य तेवढ्याने घटते. म्हणून योजनेत सामील होण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हे पंच्याहत्तर रुपये कोणाच्या खिशातून जाणार? त्यांतला काही वाटा दुकानदाराच्या जमा रकमेतून वळता होणार असेल, तर तो खर्च खतावणीत वेगळा दिसला पाहिजे. एरवी दिवसाची विक्री आणि बँकेतील जमा यांचा मेळ बसत नाही.