एका फोटोतून दोन चित्रं

जुनी कार्टून पाहत वाढलेल्या मुलांना एक गुपित कुणी न सांगता कळलेलं असायचं. कड्यावर कितीही दगड असले, तरी त्यांतला कोणता आता गडगडत खाली येणार, हे आधीच ओळखता येई. बाकीचे दगड मऊ, रंगात रंग मिसळलेले; तो एकटाच सपाट, जरा उजळ आणि कडेनं रेघ मारलेला. तो दगड मागच्या चित्रातला नव्हताच. तो पारदर्शक सेलवर, वेगळ्या हातानं आणि वेगळ्या रंगानं रंगवलेला असे.

फोटोवरून या जुन्या वळणाचं चित्र करायचं, तर तो दगड वेगळा का दिसायचा हे आधी समजून घ्यावं लागतं.

विन्सर मॅके यांनी १९१४ मध्ये 'गर्टी द डायनासोर' पडद्यावर आणली, तेव्हा मागचे डोंगर आणि तळं प्रत्येक कागदावर पुन्हा काढावं लागलं होतं. ते काम त्यांच्या हाताखालचा जॉन फिट्झसिमन्स करी. त्याच वर्षी अर्ल हर्ड यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांची कल्पना अशी, की हलणारं पात्र पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यावर काढावं, पार्श्वभूमी कागदावर एकदाच रंगवावी आणि पत्रा तिच्यावर ठेवून छायाचित्र घ्यावं. पुढे सेल्युलॉइडच्या जागी कमी ज्वालाग्राही ॲसिटेट आलं, पण 'सेल' हे नाव टिकलं. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ मध्ये डिस्नेमध्ये काम केलेले क्लेअर वीक्स हे तंत्र शिकवायला आले आणि ॲनिमेटर राम मोहन त्यांच्या हाताखाली तयार झाले.

या पद्धतीचं रूप मेहनतीच्या हिशोबातून घडलं. सेकंदाला बारा चित्रं धरली, तर ऐंशी मिनिटांच्या चित्रपटात एकाच पात्राची ५७,६०० चित्रं होतात. प्रत्येक चित्राची रेघ सेलच्या पुढच्या बाजूनं शाईनं उतरवली जाई आणि रंग मागच्या बाजूनं भरला जाई. त्यामुळे पुढून कुंचल्याचा फटकारा दिसत नसे. गालावरचा मऊ उतरता रंग बारा चित्रांत तंतोतंत सारखा येणं कठीण. तो पडद्यावर लुकलुकू लागतो. म्हणून रंग सपाट. सावली द्यायची म्हटली, की तिची हद्दही प्रत्येक चित्रात नव्यानं आखायची आणि त्यात वेगळा रंग भरायचा. म्हणून सावली एकच, धारदार कडेची. पुष्कळदा तीही नाही. पार्श्वभूमी मात्र त्या दृश्यापुरती एकच लागे. चित्रकाराला तिच्यावर निवांत वेळ देता येई. जलरंगाचे ओघळ, धुकं, झाडांच्या सालीचा पोत, सगळं तिथे जमा होई.

आता एक फोटो घेऊ. कोकणातल्या घराच्या ओसरीवर आजी उभी आहे. एक हात खांबावर, अंगावर हिरवं सुती लुगडं, डावीकडून सकाळचं तिरपं ऊन. फोटो निवडतानाच अर्धं काम होतं, कारण आपल्याला सावलीचा स्पष्ट आकार हवा आहे. फ्लॅश मारलेल्या किंवा ढगाळ दिवसाच्या फोटोत तो सापडत नाही. मग तो कल्पनेनं ठरवावा लागतो आणि बहुधा चुकतो.

पहिल्या थरावर फक्त रेघ. जिथे आकार वळतो किंवा एक वस्तू दुसरीवर येते, तिथेच ती काढायची. फोटोत लुगड्याच्या तीसेक चुण्या असतील. त्यांतल्या खांद्यावरून, कमरेपाशी आणि गुडघ्यापाशी कापडाचं वजन दाखवणाऱ्या पाच-सहा ठेवायच्या. नाकाला एक रेघ पुरते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांपैकी डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या आणि ओठांच्या कडेच्या दोन-तीनच घ्यायच्या, नाहीतर आजी भेगाळलेली दिसते. रेघेचा रंगही ठरवावा लागतो. 'स्नो व्हाइट'च्या काळात कातडीला तपकिरी, कापडाला त्याच रंगाची गडद अशा रंगीत शाया वापरत. १९६१ च्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स'मध्ये रेखाटनं झेरॉक्सनं थेट सेलवर उतरवली, तेव्हा काळी, खरखरीत रेघ आली. दोन्ही अस्सल आहेत, पण एकाच चित्रात त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

दुसऱ्या थरावर रंग. कातडी, केस, लुगडं, काठ, चोळी, डोळ्यांतला पांढरा आणि बांगड्या असे सात पुरतात. संगणकावर काम करताना फोटोतला एखादा ठिपका उचलून तोच रंग भरण्याचा मोह होतो. पण फोटोतल्या गालावर शेकडो छटा असतात आणि उचललेला ठिपका हमखास मळकट निघतो. पूर्ण गालाकडे डोळे किलकिले करून पाहावं आणि रंग आपण ठरवावा. सावलीचे रंग मोठ्या भागांनाच द्यायचे आणि प्रत्येकाचा वेगळा: कातडीचा तांबूस, हिरव्या लुगड्याचा निळसर. साऱ्या आकृतीवर एकच करडा थर पसरला, तर कातडी आजारी दिसते.

तिसरं काम पार्श्वभूमीचं, आणि बहुतेकांचं चित्र इथेच फसतं. आजीला काढून टाकल्यावर मागे भोक उरतं. तिच्यामागची भिंत, पायरी, दाराची चौकट फोटोत नाही. ती रंगवून पुरी करावी लागते. इथे कडेची रेघ नको. कौलं, माड, चिरे रंगाच्या फटकाऱ्यांनीच उभे राहिले पाहिजेत. आकृतीच्या मागचा भाग जरा फिका आणि कमी तपशिलाचा ठेवावा, म्हणजे ती उठून दिसते. आजीचा हात खांबाला मागून विळखा घालत असेल, तर तो खांब तिच्यापुढच्या वेगळ्या थरावर जातो. जमिनीवर पडलेली तिची सावलीही वेगळा, अर्धपारदर्शक थर असते. स्टुडिओत ती बऱ्याचदा कॅमेऱ्यात दुहेरी एक्स्पोजरनं आणत.

शेवटी एक बारीक खूण. सेल पार्श्वभूमीला काचेनं कितीही दाबली, तरी मध्ये थोडी फट राही आणि आकृतीच्या कडेला पुसट सावली पडे. दोन-तीन पिक्सेलांची तशी सावली दिली, की दोन थर डोळ्याला जाणवतात. जास्त दिली, तर पुठ्ठ्याची कात्रणं चिकटवल्यासारखं दिसतं.

फोटोवर थेट साधा फिल्टर मारला तर हे का साधत नाही, तेही आता उघड होतं. असा फिल्टर उजेडाच्या पायऱ्या पाडतो. वस्तू कोणती, हे त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे गालावरची सावली नकाशातल्या बेटांसारखी तुटक होते. कौलांच्या कडांनाही नाकाइतकीच ठसठशीत रेघ येते आणि आकृती भिंतीत मिसळून जाते. आपलं चित्र तपासायचं, तर पार्श्वभूमीचा थर लपवून पाहावा: कोऱ्या पानावर आजी पुरी दिसली पाहिजे. मग आजीला लपवावं: घर भोकाशिवाय उभं राहिलं पाहिजे.

काही गोष्टी या पद्धतीत बसतच नाहीत. पैठणीच्या काठावरची नक्षी, जाळीदार ओढणी, भुरभुरणारे सुटे केस. एकाच स्थिर चित्रात ते सगळं रंगवायला कुणी अडवत नाही, आणि म्हणूनच ते घुसतं व चित्र सेलचं वाटेनासं होतं. पैठणीचा काठ दोन सपाट पट्ट्यांवर आणावा लागतो. प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारावा: हीच आजी चालू लागली, तर एका सेकंदात हे बारा वेळा, अगदी असंच, काढणार का? उत्तर नाही आलं, तर तो तपशील आकृतीवरून उतरवावा. पार्श्वभूमीत मात्र त्याला हवी तेवढी जागा आहे.