सीटीसी फोडा, मग तक्ता मांडा

ऑफर लेटर दोन असोत की दहा, तक्त्यात प्रत्येकाला एक ओळ द्यावी. पगाराच्या रकान्यात मात्र सीटीसी जशीच्या तशी उतरवू नये. समजा, एक ऑफर ७,२०,००० रुपयांची आहे. परिशिष्टात पाहिलं तर त्यात ९०,००० व्हेरिएबल, २१,६०० कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि सुमारे १७,३०० ग्रॅच्युइटी धरलेली. ते वजा केल्यावर महिन्याला साधारण ४९,२५० उरतात. दुसरी ऑफर ६,६०,००० ची, पण व्हेरिएबल नाही. पीएफ आणि सुमारे १५,९०० ग्रॅच्युइटी वगळून महिना ५१,८७५ पडतो. म्हणजे छोटी दिसणारी ऑफरच हातात जास्त देते. तुमचा पीएफ आणि कर दोन्हींतून कापला जाईल, तो वेगळा.

नोटिशीला दोन रकाने हवेतच: प्रोबेशनमधली आणि कायम झाल्यानंतरची. पहिली ३० दिवस आणि दुसरी ९० असू शकते. एकच आकडा लिहिला की तुलना फसते. सगळं दिवसांत लिहावं.

प्रोबेशनच्या ‘६ महिने’पुढचं वाक्यही वाचावं. ‘लेखी पत्र मिळेपर्यंत प्रोबेशन चालू’ असं असेल, तर रकान्यात ‘६ महिने, पुढे मुदत नाही’ असं नोंदवून एचआरला ईमेलवर विचारावं.